भोपळ्याला लाकडाच्या रेषा नसतात

स्टुडिओत सगळे त्यांना उजेडबाई म्हणत. हे नाव पहिल्यांदा चेष्टेने पडलं आणि मग असं चिकटलं की हजेरीच्या वहीतलं खरं नाव फक्त वहीपुरतं उरलं. कुठलंही चित्र समोर ठेवलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "उजेड कुठून येतोय?" चित्र बुटाचं असो, घड्याळाचं असो, नाहीतर साबणाच्या वडीचं. उत्तर आलं नाही, तर बाईंच्या लेखी ते चित्रच नव्हतं.

वीस वर्षं त्यांनी त्या स्टुडिओत दिवे लावले होते. फोटो मालक काढायचे, पण दिवा कुठे ठेवायचा, किती खाली घ्यायचा, पांढरा पुठ्ठा कुठल्या बाजूला धरायचा हे सगळं बाई ठरवायच्या. चकचकीत भांड्यात फोटो काढणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून त्यांनी एकदा मालकांना काळी चादर पांघरून उभं केलं होतं. मालक ते विसरले नव्हते, आणि बाई विसरू देत नव्हत्या. दोघांचं नातं विळ्या-भोपळ्याचं. पण वीस वर्षं विळा आणि भोपळा एकाच घरात राहिले की एकमेकांची सवय होते, तशी त्यांना झाली होती.

मग कॅमेरा कपाटात गेला आणि टेबलावर मशीन आलं. काय हवं ते चार ओळींत लिहायचं, या ओळींना प्रॉम्प्ट म्हणायचं, आणि बटण दाबलं की मिनिटभरात चार चित्रं समोर. मालकांना वाटलं, बाई आता घरी बसतील. बाई बसल्या, पण मशीनपुढे. त्या बावन्न वर्षांच्या होत्या, दोन चष्मे गळ्यात होते, आणि टाईप करताना त्या एकाच बोटाने टकटक करायच्या. तरी सहा महिन्यांत स्टुडिओतले सगळ्यांत चांगले प्रॉम्प्ट त्याच लिहू लागल्या, कारण उजेडाबद्दल काय लिहायचं हे त्यांना ठाऊक होतं. बाकीचे लिहायचे, 'सुंदर प्रकाश'. बाई लिहायच्या, 'एकच खिडकी, डावीकडे, टेबलाच्या उंचीला, दुपार उतरतानाचं ऊन, सावल्या लांब आणि उजवीकडे'. मशीनला 'सुंदर' म्हणजे काय ते कळत नाही, डावं-उजवं कळतं. निदान बऱ्याचदा कळतं.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी एका संगीत शाळेचं काम होतं. शाळेच्या नव्या सभागृहात समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र लागायचं होतं, आठ फूट रुंद. शाळेच्या सचिवांनी स्वतःच्या हाताने मागणी लिहून दिली होती: 'तबला आणि सतार यांचं स्थिरचित्र. लाकडाच्या रेषा, पितळी फिटिंग, बाजूने येणारा उबदार उजेड.' दुपारी चार वाजता सचिव येऊन चित्र पसंत करणार होते, आणि लगेच ते छपाईला जायचं होतं.

बाई सकाळी कामावर आल्या तेव्हा मालकांनी चित्र निवडूनही ठेवलं होतं. आदल्या दिवशी बाई सुट्टीवर होत्या, म्हणून मालकांनी सचिवांचीच ओळ जशीच्या तशी मशीनला दिली होती आणि आलेल्या चारांतलं एक छापून घेतलं होतं. ते बाईंच्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बघा. जमलं की नाही? उगाच तुम्ही दोन-दोन दिवस लावता."

चित्र भारीच दिसत होतं, हे बाईंनीही मनात मान्य केलं. काळोख्या मागच्या बाजूतून मधाच्या रंगाची वाद्यं वर आली होती. सोनेरी, तेजस्वी, श्रीमंत. बाईंनी जवळचा चष्मा चढवला आणि पुढच्याच क्षणी त्या खुर्चीत मागे रेलल्या.

"साहेब, हा भोपळा लाकडाचा आहे."

"मग? सतार लाकडाचीच असते."

"सतारीची दांडी लाकडाची असते. भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली पातळ तबली लाकडाची असते. भोपळा भोपळ्याचा असतो. वेलीवर येतो. भोपळ्याला लाकडाच्या रेषा कशा असतील?"

खरंच, सतारीच्या पोटावर सागवानी दारासारख्या वळणदार रेषा उमटल्या होत्या. तेवढ्यावर थांबलं नव्हतं. तबल्याशेजारी डग्गा असायला हवा, म्हणजे पितळेचा, बसकट, तबल्यापेक्षा पोटाने मोठा. मशीनने तिथे दुसरा तबलाच ठेवला होता, जुळी भावंडं असावीत तसा, तोही लाकडी रेषांचा. दोघांवरही शाई, म्हणजे कातडी पुडीवरचा काळा गोल, अगदी मधोमध. डग्ग्याची शाई एका बाजूला सरकलेली असते, हे सांगायला पहिल्या वर्गातलं पोर पुरेसं होतं. सतारीच्या डोक्यावर लाकडी खुंट्यांऐवजी गिटारच्या पितळी किल्ल्या होत्या, आणि जिथे तिथे पितळी स्क्रू आणि पट्ट्या, जशी काही सतार नव्हे, जुनी पेटी होती. पडदे, म्हणजे तार दाबायच्या आडव्या सळ्या, पट्टीने आखल्यासारखे सपाट, दांडीला चिकटलेले. सतारीचे पडदे कमानदार असतात आणि धाग्याने बांधलेले असतात. आणि उजेड? सतारीची सावली उजवीकडे पडली होती आणि तबल्याची डावीकडे.

"ही सतार वाजणार नाही," बाई म्हणाल्या.

"ती भिंतीवर लावायची आहे, वाजवायची नाहीये," मालक म्हणाले. "तारा कोण मोजत बसणार आहे?"

"संगीत शाळेत नाही मोजणार तर कुठे मोजणार? दवाखान्यात?"

मालकांनी छापलेल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक बारीक रेघ होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, 'तपासणी'. हा नियम मालकांनीच केला होता. बारा वर्षांपूर्वी एका घड्याळाच्या जाहिरातीत तबकडीवर तेरा आकडे छापले गेले आणि स्टुडिओचं नाव मातीत गेलं, तेव्हा मालकांनी कानाला खडा लावला: या रेघेवर सही असल्याशिवाय छापखान्यात काहीही जाणार नाही. छापखानेवाला तर त्या बाबतीत इतका कडक झाला होता की मालकांचा फोन आला तरी म्हणायचा, "सहीचा कागद पाठवा." आणि सही बारा वर्षं बाईंचीच असायची, दोन अक्षरी, घाईतली.

"सही करा," मालक म्हणाले. "चार वाजता माणूस येतोय."

"नाही करणार."

"बाई, हे काम गेलं तर शाळेची पुढची सगळी कामं जातील. मग मला इथे माणसं कमी करावी लागतील. कोणापासून सुरुवात करू, ते मी सांगायला नको."

बाई घाबरल्या, हे खरं. बावन्नाव्या वर्षी दुसरीकडे दिवे लावायला कोण घेणार होतं? घरी नवरा रिटायर झालेला, तो दिवसभर पंखे आणि मिक्सर खोलून बसलेला असायचा आणि ते परत जोडायला त्याला बाईंची गरज लागायची. पण मनातली भीती आणि तोंडातले शब्द यांची बाईंच्या बाबतीत कधी गाठ पडत नसे.

"चार वाजेपर्यंत बरोबर चित्र देते," त्या म्हणाल्या. "नाही दिलं तर माझ्यापासून सुरुवात करा."

बोलून तर बसल्या. मग मशीनपुढे बसल्या आणि मशीनने त्यांना पाणी पाजलं.

त्यांनी सचिवांच्या ओळीच्या शेवटी लिहिलं, 'भोपळ्यावर लाकडाच्या रेषा नकोत'. मशीनने आणखी ठसठशीत रेषा काढल्या. बाईंना हे ठाऊक होतं, तरी रागाच्या भरात चूक केलीच. मशीनला 'नको' नीट ऐकू येत नाही, त्याला फक्त 'रेषा' ऐकू येतात. मग त्यांनी नको असलेल्या गोष्टींसाठी जो वेगळा रकाना असतो, त्यात 'लाकडाच्या रेषा' टाकलं. तर भोपळा गुळगुळीत झाला आणि त्याच्याबरोबर दांडीही गुळगुळीत झाली, तबलाही. सगळी वाद्यं प्लास्टिकची झाली. 'पितळी' लिहिलं की पितळ वाटेल तिथे पसरायचं. डग्ग्याला लिहिलेलं पितळ सतारीला जाऊन चिकटायचं, आणि तबल्याचं लाकूड डग्ग्याला. एका वाक्यात दोन वस्तू आल्या की मशीन त्यांचे कपडे आपसात बदलायचं. अकरा वाजले, बारा वाजले. चाळीस चित्रं झाली आणि एकही सरळ नाही.

मालक मधूनमधून दारात येऊन नुसते घड्याळाकडे बघून जात होते. बोलले असते तर परवडलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. मालकांनी निवडलेला कागद गुंडाळून पिशवीत टाकला आणि दोन चौक ओलांडून त्या दादाच्या दुकानात गेल्या.

दादा त्यांचा थोरला भाऊ. वडिलांचं वाद्यदुरुस्तीचं दुकान तोच चालवत होता. दुकान म्हणजे एक लांबट खोली. छताला सुकत टांगलेले भोपळे, भिंतीला टेकवलेल्या दांड्या, सरसाचा आणि पॉलिशचा वास, जमिनीवर भुशाचा थर. वडील होते तेव्हाही असंच होतं. बाई लहानपणी त्या भुशातच खेळल्या होत्या. त्यांना एक सूर गाता येत नव्हता, पण कुठला भोपळा टिकेल आणि कुठला तडकेल, हे त्या वडिलांनी शिकवल्याप्रमाणे टिचकी मारून सांगायच्या.

दादाने कागद उलगडला आणि तो इतका हसला की हातातली पटाशी खाली पडली.

"अगं, हा भोपळा कुठल्या सुताराने रंधून काढला? आणि हे स्क्रू कशाला? सतार आहे की खिडकी?"

"हसू नकोस. चार वाजता माझी नोकरी जाणार आहे."

दादा हसायचा थांबला. बाईंनी सगळं सांगितलं. मशीनला एक ओळ द्यायची, मशीन सगळं एकदम काढतं, आणि एकाचं दुसऱ्याला लागतं. दादाने ऐकून घेतलं. मशीन, प्रॉम्प्ट यातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणून लाज वाटण्याचं वय त्याचं निघून गेलं होतं.

"पण एकदम कशाला काढायला लावतेस?" तो म्हणाला. "आपण सतार एकदम करतो का? भोपळा एकाकडून येतो, दांडी दुसरा कोरतो, तबली तिसरा. पडदे तर सगळ्यांत शेवटी बांधतो. बाबा काय म्हणायचे? एक हात पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला बोलवायचं नाही. तू मशीनला सगळे कारागीर एकाच वेळी बोलावलेस, मग मारामारी होणारच."

बाईंनी कागद गुंडाळला, पिशवी उचलली आणि न सांगता त्या निघाल्या. दादा मागून ओरडला, "जेवून तरी जा!" पण त्या चौकात पोचल्या होत्या.

पावणेदोनला त्यांनी सचिवांची ओळ पुसून टाकली आणि नवी लिहिली. त्यात ना लाकूड, ना पितळ. 'टेबलावर एक सतार आडवी टेकलेली, तिच्यापुढे तबला आणि डग्गा, प्रत्येक आपापल्या कापडी चुंबळीवर. डग्गा तबल्यापेक्षा बसकट आणि रुंद. एकच खिडकी, डावीकडे, टेबलाच्या उंचीला. दुपार उतरतानाचं पिवळसर ऊन. सगळ्या सावल्या उजवीकडे. मागची भिंत गडद, मोकळी.' त्यातून त्यांनी फक्त बैठक आणि उजेड बघून एक चित्र निवडलं. वाद्यं अजून ओबडधोबड होती, पण सावल्या सगळ्या एकाच बाजूला पडत होत्या. उजेड बसला की बाईंना धीर यायचा.

मग एकेक कारागीर. मशीनमध्ये चित्राच्या एखाद्याच भागावर ब्रश फिरवता येतो, मग तेवढाच भाग पुन्हा काढला जातो आणि बाकीचं जसंच्या तसं राहतं. बाईंनी भोपळ्यावर ब्रश फिरवला आणि लिहिलं, 'वाळवून पॉलिश केलेल्या भोपळ्याची गोल पाठ, गुळगुळीत, तपकिरी, डावीकडून एक मऊ चमक'. 'लाकूड' हा शब्दच नाही. तिसऱ्या प्रयत्नात भोपळा भोपळ्यासारखा दिसला. मग दांडी: 'तूनच्या लाकडाची दांडी, उभ्या बारीक रेषा लांबीच्या दिशेने, तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात'. मग पडदे: 'पितळी कमानदार पडदे, दांडीपासून किंचित वर, धाग्याने बांधलेले'. मग तबल्याचं खोड: 'शिसवी लाकूड, गर्द रेषा, बाजूने चामड्याच्या ताणलेल्या वाद्या आणि त्यांच्याखाली लाकडी गट्टे'. मग डग्गा, एकटा: 'घासलेल्या पितळेचं गोल भांडं, त्यात डावीकडच्या खिडकीचं एकच प्रतिबिंब'. शेवटी डग्ग्याच्या पुडीवरची शाई, मधून बाजूला सरकवलेली. यासाठी मशीनने नऊ वेळा रडवलं, कारण वर्तुळ दिसलं की ते त्याच्या मधोमधच ठिपका ठेवायला धावतं.

खुंट्या मात्र जमेनात. कधी चार, कधी अकरा. मोजणं हे मशीनचं काम नव्हेच. साडेतीन वाजले होते. बाईंनी हात बाजूला घेतले, दुसरा चष्मा लावला आणि जुन्या सवयीने दुरून बघितलं. मग सतारीच्या डोक्यावर ब्रश फिरवला आणि लिहिलं, 'गडद सावली, दोन लाकडी खुंट्यांच्या फक्त कडा दिसतात'. ऊन डावीकडून येत होतं, डोकं उजव्या टोकाला होतं, त्यामुळे ते अंधारात जाणं खऱ्यातही बरोबर होतं. फोटो काढायच्या दिवसांतसुद्धा बाई हेच करायच्या. जे दाखवता येत नाही ते अंधारात ठेवायचं, पण उजेडात खोटं ठेवायचं नाही.

चारला पाच मिनिटं असताना कागद छापून निघाला. चारला सचिव आले.

मालकांनी आधी स्वतःचं चित्र पुढे केलं. सचिवांचा चेहरा खुलला. "वा! काय श्रीमंती आहे! लाकूड बघा, पितळ बघा!" बाईंनी न विचारता आपलं चित्र शेजारी ठेवलं. सचिवांनी दोन्हीकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. "हे जरा साधं वाटतंय."

"साधं नाही, खरं आहे," बाई म्हणाल्या. "यात लाकडाच्या रेषा आहेत, जिथे लाकूड आहे तिथे. पितळ आहे, जिथे पितळ आहे तिथे. त्या दुसऱ्यात भोपळा सागवानाचा आहे, डग्गा नाहीच, आणि सतारीला गिटारच्या किल्ल्या आहेत."

सचिव थोडे वरमले. शाळेचा कारभार ते नऊ वर्षं बघत होते, पण वाद्यांच्या खोलीत त्यांचं जाणं फारसं नसावं. तरी हट्ट सोडवेना. "अहो, पालकांना एवढं कुठे कळतंय?"

"पालकांना नाही कळणार. त्यांच्या मुलांना सहा महिन्यांत कळेल. मग ती रोज त्या भिंतीसमोर बसून शिकतील आणि रोज हसतील. तुमच्या शाळेला शाळेतली मुलं हसणार. चालेल?"

"बाई!" मालक ओरडले. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "साहेबांना हे पहिलंच हवंय. सही करा आणि विषय संपवा."

"नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"नाही येत. पण यावर माझी सही होणार नाही. तुमचा स्टुडिओ आहे, तुम्ही करा. रेघ मोकळी आहे."

मालकांनी पेन उघडलं. रागाने कागद ओढला आणि 'तपासणी'वर टोक टेकवलं. आणि तिथेच थांबले. बारा वर्षांत त्या रेघेवर त्यांनी स्वतःचं नाव कधीच लिहिलं नव्हतं. पेनाच्या टोकाला शाईचा ठिपका वाढत होता.

"चुकलं तर?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"चुकलेलंच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "फक्त नाव कोणाचं, एवढंच ठरायचंय."

सचिवांनी मालकांच्या थांबलेल्या हाताकडे पाहिलं. ज्या चित्रावर खुद्द मालक नाव घालायला धजत नाहीत, ते आठ फूट रुंद करून आपण भिंतीवर लावणार होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी पहिला कागद हळूच बाजूला सरकवला आणि दुसरा जवळ ओढला.

"भोपळा जरा आणखी चमकवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"येईल. पण लाकडाचा होणार नाही."

मालकांनी पेन बाईंपुढे आपटलं. "घ्या. लिहा तुमचं नाव. उद्या कोणी हसलं तर उत्तर द्यायला तुम्हीच उभ्या राहायचं. म्हणजे यावंच लागेल उद्या."

बाई वाकल्या. दोन अक्षरांची घाईतली सही त्यांनी केली नाही. आधी स्वतःचं नाव लिहिलं, सगळं, सावकाश. मग पुढे नवऱ्याचं नाव यायचं, तिथे त्यांनी बापाचं लिहिलं. त्या माणसाच्या हातून हजारभर सतारी पुन्हा बोलत्या होऊन गेल्या होत्या आणि त्यांच्यातल्या एकीवरही त्याचं नाव नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव वाद्यावर कोणी घालत नाही.

मालकांनी डोळे बारीक करून वाचलं. "हे मधलं नाव कोणाचं?"

"ज्यांनी तपासायला शिकवलं त्यांचं," बाई म्हणाल्या आणि छापखान्याला फोन लावला.